झोपेत ओलं होणारं अंथरूण आणि नऊ वर्षांची चिंगी

वाचकाचं पत्र

आमची चिंगी लॅब्रॅडोर आहे. वय नऊ, वजन 31 किलो. दीड वर्षाची असताना तिचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन केलं. गेले काही महिने ती झोपली की अंथरूण ओलं होतं. जागेपणी घरात एक थेंब नाही, बाहेर नेलं की नेहमीसारखी करते. जवळच्या डॉक्टरांनी इन्फेक्शन म्हणून गोळ्या दिल्या. चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. दुसऱ्यांदा गोळ्या झाल्या, तरी तेच. आमचे हे म्हणतात, आळशी झाली आहे, मुद्दाम करते. रात्री नऊनंतर पाणी उचलून ठेव. दोन रात्री ठेवलं, तर पहाटे धापा टाकत बसली होती. सासूबाईंचं म्हणणं, वय झालं, आता मागच्या अंगणात बांधा, देवघराच्या बाजूला हा वास नको. आणि मला वाटत राहतं, ऑपरेशन करून मीच तिचं नुकसान केलं का? काय करू?

— एक वाचक, नागपूर

उत्तर

ताई, आज रात्रीपासून पाण्याचं भांडं पुन्हा जागेवर ठेवा. बाकीचं सगळं सावकाश करता येईल, हे मात्र आजच करा. नागपुरात मे महिन्यात रात्री अकरालासुद्धा भिंती तापलेल्या असतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; ते धापा टाकून, तोंडातल्या ओलाव्याची वाफ करून अंग गार ठेवतं. त्यासाठी पाणी लागतं. 31 किलोची, नऊ वर्षांची लॅब्रॅडोर पाण्याविना रात्र काढते तेव्हा उष्माघाताचा धोका खरा असतो. शिवाय पाणी काढून घेतल्याने गळणं थांबत नाही. लघवी कमी होते, घट्ट होते आणि तीच घट्ट लघवी मांडीच्या कातडीला जास्त झोंबते. समजा तिची मूत्रपिंडं कमजोर झाली असतील, तर ती जास्तीचं पाणी पिऊनच तग धरत असेल. अशा कुत्रीचं पाणी तोडणं म्हणजे तिला आजारात ढकलणं आहे.

आता यजमानांच्या "मुद्दाम"बद्दल. तुम्ही पत्रात जे बारकाईनं लिहिलंत, त्यातच त्याचं उत्तर आहे. जागेपणी एक थेंब नाही, बाहेर नेहमीसारखी धार, आणि झोपेत ओलं. कुत्री मुद्दाम करते ती जागेपणी करते: उठते, जागा हुंगते, बसते आणि करते. जी उठतच नाही, उठल्यावर ओल्या जागेकडे बघून स्वतःच गोंधळते आणि मांड्या चाटत बसते, तिला शू झाली हेच कळलेलं नसतं. रागावून, दामटून ज्यात काही बदलेल असं हे वागणं नाही.

मग होतं काय? मूत्राशयातून बाहेर येणारी नळी एरवी दाबून बंद असते. तिच्या भिंतीत आपोआप काम करणारे स्नायू असतात आणि नसांकडून सतत येणाऱ्या इशाऱ्यामुळे ते आवळलेले राहतात. इस्ट्रोजेन हे अंडाशयातलं संप्रेरक त्या स्नायूंना हा इशारा नीट ऐकायला लावतं आणि नळीचं अस्तर भरदार ठेवतं. ऑपरेशनमध्ये अंडाशय निघतात, इस्ट्रोजेन जवळपास संपतं आणि पुढच्या काही वर्षांत नळीची पकड हळूहळू सैल होते. नळाचा वॉशर झिजला की नळ पूर्ण बंद केला तरी टिपटिपतो, तसंच. जागेपणी बाकीचे स्नायू साथ देतात म्हणून निभावतं. गाढ झोपेत ते सैलावतात, आडव्या अंगाचा भार भरलेल्या मूत्राशयावर येतो आणि थोडी लघवी सुटते. डॉक्टरांच्या कागदावर यालाच यूएसएमआय असं लिहिलेलं दिसेल.

हा त्रास साधारणपणे वीस किलोच्या वरच्या कुत्र्यांत जास्त दिसतो. बॉक्सर, डॉबरमन, रॉटवायलर यांच्यात विशेष; लॅब्रॅडोरमध्ये त्या मानानं कमी, पण वजन वाढलेल्या लॅब्रॅडोरमध्ये नवल नाही. ऑपरेशननंतर दोन-चार वर्षांत सुरू होऊ शकतो, आठ-दहा वर्षांनीही होऊ शकतो. चिंगीचं चित्र यात चपखल बसतं. तरी चित्र बसतं म्हणून निदान झालं असं मी म्हणणार नाही, आणि तुम्हीही कुणाला म्हणू देऊ नका. का, ते पुढे सांगते.

त्याआधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, कारण तो तुम्हाला रात्री झोपू देत नाही असं दिसतं. ऑपरेशन आणि हे गळणं यांचा संबंध आहे, तो मी लपवत नाही. मोठ्या जातीच्या पिल्लांचं फार लवकर, विशेषतः तीन महिन्यांच्या आत ऑपरेशन केलं तर धोका वाढतो, म्हणून आता मोठ्या कुत्र्यांसाठी डॉक्टर थोडं थांबायला सांगतात. तुम्ही दीड वर्षापर्यंत थांबला होतात. दुसऱ्या पारड्यातलंही बघा. स्वीडनमधल्या पाळीव कुत्र्यांच्या विम्याच्या नोंदींवरून असं दिसलं की ऑपरेशन न केलेल्या माद्यांपैकी साधारण चौथा हिस्सा दहा वर्षांच्या वयापर्यंत गर्भाशयात पू होण्याच्या आजाराला बळी पडतो. त्यात जीव वाचवायला तातडीनं पोट उघडावं लागतं, आणि वय झालेल्या कुत्रीला ते सोपं जात नाही. तो धोका तुम्ही चिंगीवरून काढून टाकलात. त्या बदल्यात आलेला हा त्रास औषधानं आवरता येतो. ज्यांच्या घरी तरुण मादी आहे आणि हे पत्र वाचून ऑपरेशन नको असं ज्यांना वाटायला लागलं आहे, त्यांनीही हा हिशेब मांडावा आणि मगच ठरवावं.

आता शोध कसा घ्यायचा ते. झोपेत ओलं होण्याची दोन मोठी कारणं असतात. एकात नळीची पकड सैल असते. दुसऱ्यात लघवीच इतकी बनते की चांगली पकडसुद्धा रात्रभर पुरत नाही. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, कुशिंग नावाचा संप्रेरकाचा आजार, खाजेसाठी दिलेली स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन, ही सगळी दुसऱ्या घरातली. दोन्ही एकत्रही येतात: पकड थोडी आधीपासून सैल असते, ते कळत नाही, मग पाणी पिणं वाढतं आणि ओलं अंथरूण दिसायला लागतं. चिंगीला गेल्या काही महिन्यांत खाजेचं इंजेक्शन दिलं होतं का, प्रेडनिसोलोनच्या गोळ्या चालू आहेत का, ते आठवून बघा. असतील तर स्वतःहून एकदम बंद करू नका. त्या हळूहळू उतरवाव्या लागतात. डॉक्टरांना मात्र आवर्जून सांगा.

म्हणून पहिलं काम घरातच: तीन दिवस पाणी मोजा. ऐकायला सोपं वाटतं, पण उन्हाळ्यात घोटाळा होतो. कूलरसमोर ठेवलेल्या भांड्यातलं पाणी उडून जातं आणि ती प्यायली असं वाटतं. त्यासाठी त्याच मापाचं दुसरं भांडं तितकंच भरून, तिच्या तोंडाला लागणार नाही अशा उंचीवर, पण त्याच हवेत ठेवा. चोवीस तासांत त्यातलं जितकं कमी झालं, तितकं चिंगीच्या भांड्याच्या हिशेबातून वजा करा. बाथरूमची बादली झाकून ठेवा. कूलरखाली ताटली असेल तर ती उचला, कारण कित्येक कुत्री दिवसभर तिथूनच पितात आणि घरच्यांना पत्ता नसतो. दूध, ताक, पातळ वरण दिलं तर तेही धरा.

ठोकताळा असा: किलोमागे दिवसाला 100 मिलिलिटरच्या वर पाणी गेलं तर ते जास्त. चिंगीच्या 31 किलोला ही रेषा 3.1 लिटरवर येते. समजा तिन्ही दिवस आकडा दोन-सव्वादोन लिटरच्या आसपास राहिला, तर नागपूरच्या उन्हाळ्यात ते ठीक आहे आणि संशय सैल पकडीकडे जातो. साडेतीन-चार लिटर निघालं, तर आधी रक्त तपासायचं, पकडीचं औषध नंतर.

दुसरं काम, लघवीचा नमुना. सकाळची पहिली लघवी, रात्रीचं पाणी न तोडता. लांब दांड्याची जुनी पळी उकळून घ्या, ती बसली की धार सुरू झाल्यावर हळूच खाली धरा आणि पॅथॉलॉजीत मिळणाऱ्या निर्जंतुक डबीत ओता. तासाभरात पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. या नमुन्यात मला सगळ्यात जास्त रस असतो तो लघवीच्या घट्टपणात, म्हणजे विशिष्ट गुरुत्वात. ते रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या छोट्या दुर्बिणीसारख्या उपकरणावर बघायला सांगा. रंग बदलणाऱ्या पट्टीवरचा घट्टपणाचा आकडा कुत्र्यांच्या बाबतीत भरवशाचा नसतो, पट्टीवरचा पांढऱ्या पेशींचा चौकोनही नसतो. घट्टपणा 1.030 किंवा त्याहून वर आला तर मूत्रपिंडं पाणी नीट राखत आहेत. पुन्हापुन्हा 1.008 ते 1.012 च्या आसपास आला, तर लघवी पाण्यासारखी बनते आहे आणि कारण वरच्या दुसऱ्या घरात शोधायचं. पट्टीवर साखर दिसली तर मधुमेहाची तपासणी त्याच दिवशी.

आता त्या दोनदा झालेल्या गोळ्यांबद्दल. इन्फेक्शन असू शकतं हे खरं. पकड सैल असली की जंतूंना वर चढायला वाट मिळते, म्हणून या कुत्र्यांत इन्फेक्शन होतंही. इन्फेक्शनमुळे मूत्राशय चिडून गळणं तात्पुरतं वाढतं, आणि गोळ्यांनी ते शमलं की चार दिवस बरं वाटतं. पकड मात्र होती तशीच राहते. आजाराचा अंदाज घेऊन पुन्हा तिसरी अँटिबायोटिक सुरू करण्याआधी कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी, करून घ्या. त्याचा नमुना जमिनीवरून किंवा पळीतून नको. डॉक्टर पोटातून बारीक सुईनं थेट मूत्राशयातून घेतात. सोनोग्राफी चालू असताना ते दोन मिनिटांचं काम असतं, आणि त्याच सोनोग्राफीत खडे, गाठ किंवा भिंतीची सूज आहे का तेही दिसतं. आणि एक बारकावा: कल्चरमध्ये जंतू निघाले, पण तिला कळ नाही, थेंबथेंब नाही, रक्त नाही, वारंवार बसणं नाही, तर दर वेळी अँटिबायोटिक लागतेच असं नाही. हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. नाहीतर गोळ्यांमागून गोळ्या चालतात, जंतू दाद देईनासे होतात आणि अंथरूण ओलंच राहतं.

तिसरं, तिला लघवी करताना शेवटपर्यंत बघा. धार जोरात येते, एका दमात संपते, मग ती उठून चालायला लागते: हे चांगलं लक्षण. धार बारीक, तुटक, खूप वेळ जोर करते, किंवा करून आल्यावरही पोट खाली टणक लागतं, तर मूत्राशय रिकामं होत नाही आणि ओसंडून गळतं. त्यात पकड घट्ट करणारं औषध दिलं तर उलट अडचण होईल. मागचे पाय घसरणं, शेपटी लुळी पडणं, शी नकळत होणं यापैकी काही असेल, तर पाठीच्या कण्याकडे बघावं लागेल. लठ्ठ कुत्र्यांत आणखी एक प्रकार आढळतो. बाहेरच्या योनीवर कातडीची घडी येते, लघवी केल्यावर थोडी आत साचते आणि बसताना-उठताना ओघळते. तो ओघळ लघवीनंतर लगेच येतो, झोपेत नाही. शंका असेल तर तिच्याखाली पांढरी सुती चादर घाला आणि रात्री मोबाइलवर व्हिडिओ घ्या. सैल पकडीत गाढ झोपेतच मागच्या अंगाखाली ओला डाग पसरत जातो आणि ती हलतसुद्धा नाही. असा व्हिडिओ डॉक्टरांना दाखवला की दहा प्रश्नांची उत्तरं मिळतात.

नागपूरचे वाचक याबाबतीत सोयीत आहेत. सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याचं स्वतःचं चिकित्सालय आहे. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे सोनोग्राफी किंवा रक्तदाब मोजायची सोय नसेल, तर त्यांच्याकडून चिठ्ठी घेऊन तिथे जाता येईल. आधीच्या गोळ्यांची नावं आणि पाण्याचा तीन दिवसांचा हिशेब कागदावर सोबत न्या.

धरून चालू की पाणी प्रमाणात आहे, लघवी घट्ट आहे, साखर नाही, मूत्रपिंडाचं काम सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन ठीक आहे, सोनोग्राफी स्वच्छ आहे. आता औषध. दोन मुख्य रस्ते आहेत.

पहिला, फिनाइलप्रोपॅनोलामाइन, डॉक्टर बोलताना पीपीए म्हणतात. नसांचा तो जो आवळण्याचा इशारा आहे, त्याला हे बळ देतं. अभ्यासांमध्ये साधारण दहापैकी सात ते नऊ कुत्र्यांत चांगला गुण दिसला आहे, आणि गुण काही दिवसांतच कळतो. नेहमीचा डोस किलोमागे एक ते दीड मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा किंवा तीनदा; चिंगीसाठी सुरुवात साधारण 30 मिलिग्रॅमच्या एका डोसापासून होईल. तिचं गळणं झोपेतलं आहे, म्हणून रात्रीचा डोस झोपायच्या सुमारास पडेल असं वेळापत्रक डॉक्टरांकडून मागून घ्या. हे औषध रक्तवाहिन्याही आवळतं, म्हणून सुरू करण्याआधी रक्तदाब मोजायचा आणि दोनेक आठवड्यांनी पुन्हा मोजायचा. हृदयाचा आजार, वाढलेला रक्तदाब किंवा काचबिंदू असेल तर हा रस्ता टाळतात. घरी काय दिसलं तर डॉक्टरांना फोन करायचा? ती अस्वस्थ फेऱ्या मारते, झोपत नाही, चिडचिड करते, खाणं सोडते, छातीवर हात ठेवला तर ठोके फार जलद लागतात. डोस कमी केला की बहुतेकांचं हे निवळतं.

दोन गोष्टी इथे थांबून सांगते, कारण त्यात जिवाशी गाठ आहे. गोचीड धुण्यासाठी आपल्याकडे अमिट्राझचं पाणी सर्रास वापरतात. पीपीए चालू असताना अमिट्राझ नको, अमिट्राझचा पट्टाही नको. दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायक वाढू शकतो. गोचिडांसाठी दुसरा उपाय डॉक्टर सुचवतील. दुसरी गोष्ट, हेच औषध पूर्वी माणसांच्या सर्दीच्या गोळ्यांत असायचं. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका दिसल्यानं 2000 साली अमेरिकेच्या एफडीएनं ते माणसांच्या औषधांतून काढायला सांगितलं. नाव ऐकून कुणी मेडिकलमधून सर्दीची गोळी आणून देतो म्हणालं तर घेऊ नका. त्यात पॅरासिटामॉल, कधी आणखी एखादं वेदनाशामक मिसळलेलं असतं, आणि कुत्र्याचं यकृत, मूत्रपिंड किंवा रक्त त्यानं बिघडू शकतं. कुत्र्यांसाठीचं पीपीए प्रत्येक दुकानात मिळेल असं नाही. डॉक्टरांनाच मागवून द्यायला सांगा, आणि डबी संपायच्या आठवडाभर आधी पुढची सांगून ठेवा. मध्ये खंड पडला की गळणं परत येतं आणि लोकांना वाटतं औषध लागू पडलं नाही.

दुसरा रस्ता, एस्ट्रिऑल. हा इस्ट्रोजेनचाच सौम्य, थोडा वेळ टिकणारा प्रकार आहे. गेलेलं संप्रेरक थोडं परत देण्याचा हा मार्ग. याची गंमत अशी की डोस वजनावर ठरत नाही. पाच किलोची असो की चाळीसची, सुरुवात बहुधा दिवसातून एकदा 2 मिलिग्रॅमपासून होते. दोन आठवडे तोच डोस. अंथरूण कोरडं राहिलं तर दीडवर, मग एकवर, मग अर्ध्या मिलिग्रॅमवर. प्रत्येक पायरीवर निदान आठवडाभर थांबायचं. ज्या पायरीवर पुन्हा ओलं झालं, तिच्या एक पायरी वर राहायचं. काहींना पुढे एक दिवसाआडही पुरतं. 129 कुत्र्यांच्या एका अभ्यासात सुमारे 61 टक्के पूर्ण कोरड्या झाल्या आणि आणखी 22 टक्के सुधारल्या. रक्तदाबामुळे पीपीए चालत नसेल तेव्हा हा रस्ता विशेष उपयोगी पडतो. सुरुवातीला योनी सुजल्यासारखी दिसणं, स्तनं थोडी भरणं, गल्लीतले कुत्रे दारात घुटमळणं असं होऊ शकतं. गर्भ राहायची भीती अर्थात नाही, डोस उतरला की हे ओसरतं.

एस्ट्रिऑल म्हणजे कुठलंही इस्ट्रोजेन नव्हे. डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल नावाचं जुनं औषध कधी दिलं जातं. ते जास्त झालं तर अस्थिमज्जा दबते आणि रक्तपेशी बनणं कमी होतं. ते द्यायचं ठरलं तर रक्ताची तपासणी ठरावीक काळानं करायलाच हवी. घरातल्या बाईच्या संततिनियमनाच्या गोळ्या तर मुळीच नाहीत. एस्ट्रिऑलच्या गोळ्या गरोदर बाईनं उघड्या हातानं हाताळू नयेत. तुमच्या घरात तशी कुणी असेल तर हे लक्षात ठेवा.

एकट्या औषधानं अर्धवट गुण आला तर दोन्ही मिळून देतात, कारण एस्ट्रिऑल स्नायूंना इशारा ऐकायला लावतं आणि पीपीए इशाराच मोठा करतं. एवढ्यानंही नाहीच झालं, तर नळीच्या भिंतीत कोलॅजेनसारखा पदार्थ टोचून ती जाड करणं, मूत्राशय पुढे ओढून बांधणं किंवा नळीभोवती फुगवता येणारी कडी बसवणं अशा शस्त्रक्रिया आहेत. त्या मोजक्या ठिकाणी होतात, आणि चिंगीच्या बाबतीत तिथवर जायची वेळ यायची शक्यता कमी आहे.

हे औषध बहुधा कायमचं असतं, हे मात्र आताच मनाशी धरा. महिनाभर कोरडी राहिली म्हणून बंद केलं की ती झिजलेली पकड पुन्हा गळते. आणि नीट चाललेलं औषध एक दिवस कमी पडायला लागलं, तर डोस वाढवण्याआधी पुन्हा पाणी मोजा आणि लघवी तपासा. वाढत्या वयात मूत्रपिंडाचा किंवा कुशिंगचा आजार असाच मागल्या दारानं येतो.

वजनाबद्दल एक बोलते. 31 किलो हे बऱ्याच लॅब्रॅडोर माद्यांना जास्त होतं. तिच्या पाठीवरून हात फिरवा. बरगड्या सहज लागल्या पाहिजेत, दाबून शोधाव्या लागू नयेत. पोटातली चरबी मूत्राशयावर दाब देते, म्हणून दोन-चार किलो उतरले तरी गळणं कमी होतं आणि औषधाचा डोसही कमी पुरतो. तुपाचा हात लावलेली शिळी पोळी, संध्याकाळचं दूध आणि चहाबरोबरचा टोस्ट इथूनच सुरुवात करा. आठवड्याला वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे तीनशे ग्रॅम, उतरलं तरी पुरे.

औषधाला गुण येईपर्यंत कातडी जपायला हवी. रोज सकाळी मांड्यांची आतली बाजू आणि योनीभोवतीचा भाग कोमट पाण्यानं धुऊन पूर्ण कोरडा करा. केस लांब असतील तर तिथले कापून घ्या. लाल झालं असेल तर बाळाच्या लंगोटाखाली लावतात ते झिंकचं मलम लावू नका, ती चाटते आणि झिंक तिच्या पोटात जातं. डॉक्टरांनी दिलेलं, चाटलं तरी चालेल असं काही लावा. पाऊस सुरू झाला की माशा वाढतात, आणि लघवीनं ओल्या, खरवडलेल्या कातडीवर त्या अंडी घालतात. दोन दिवसांत अळ्या पडतात. म्हाताऱ्या, झोपाळू कुत्र्यांत हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की सासूबाईंच्या अंगणाच्या सूचनेला मी ठामपणे नाही म्हणते. गळणाऱ्या कुत्रीला बाहेर बांधणं म्हणजे तिला माशांच्या आणि उन्हाच्या हवाली करणं. डायपर वापरायचा तर तो रात्रीपुरता, आणि सकाळी लगेच काढायचा. दिवसभर ठेवलेला डायपर कातडी सोलतो.

सासूबाईंचा वासाचा त्रास मात्र खरा आहे, त्यावर तोडगा काढा. देवघरापासून दूर, कूलरची हवा पोचेल अशा कोपऱ्यात तिची जागा ठरवा. खाली जाड प्लास्टिक किंवा रेक्झिन, त्यावर जुनी गोधडी, सगळ्यात वर रोज बदलता येईल अशी सुती चादर. दोन चादरी असल्या की एक धुण्यात, एक अंगाखाली. फरशी पुसताना फिनाइल नको. ते पंजांना लागतं, कुत्री पंजे चाटतात आणि ते विषारी असतं. कपडे धुवायच्या पावडरीच्या पाण्यानं पुसून, साध्या पाण्यानं पुन्हा पुसा. झोपायच्या आधी यजमानांनाच तिला अंगणात एक फेरी मारायला न्यायला सांगा. मूत्राशय रिकामं करून झोपली की गळतं कमी, आणि धार जोरात आहे की नाही हे त्यांनाच रोज दिसेल.

यात वाट बघायची नाही अशा काही खुणा आहेत. वारंवार बसते पण येत नाही, लघवीत रक्त दिसतं, पोट ताणलंय, उलट्या होतात, पाणी एकाएकी दुप्पट झालं किंवा ती मलूल पडली, तर व्हिडिओ, चादरी, तीन दिवसांचा हिशेब सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. नाहीतर येत्या सोमवारपासून पाणी मोजायला घ्या आणि गुरुवारी सकाळच्या लघवीची डबी घेऊन निघा.